गुळाची एक ढेप आणि दोन रंग: फिनॉल-सल्फ्युरिक व डीएनएस पद्धतीने साखर कशी मोजायची

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून दौंडकडच्या गुऱ्हाळाचा म्हणून आणलेला गुळाचा खडा माझ्या टेबलावर आहे. यात साखर किती? प्रश्न साधा वाटतो, पण प्रयोगशाळेत त्याचे दोन प्रश्न होतात. एकूण साखर किती, आणि त्यातली क्षपणकारी, म्हणजे आपण रोज बोलतो ती रिड्यूसिंग शुगर किती? गुळात बहुतांश सुक्रोज असते. सुक्रोज क्षपणकारी नाही, कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची टोकं एकमेकांत अडकलेली असतात. रस आंबट असला किंवा कढईत फार वेळ राहिला, की सुक्रोज फुटून मोकळं ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार होतं. हेच मोकळं द्रव्य जास्त असलं की पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं. म्हणून दोन्ही आकडे लागतात, आणि दोन्ही पद्धती शिकायला गुळाइतका चांगला नमुना नाही, कारण त्या इथे अगदी वेगवेगळी उत्तरं देतात.

फिनॉल-सल्फ्युरिक पद्धतीत तीव्र आम्लाच्या उष्णतेने सगळ्या साखरा तुटतात, त्यांच्यातून पाणी निघून जातं आणि उरलेलं फरफ्युरालच्या जातीचं द्रव्य फिनॉलशी जुळून नारिंगी-पिवळा रंग देतं. सुक्रोज असो, स्टार्च असो की कागदाचा तंतू, सगळ्यांचा रंग येतो. डीएनएस, म्हणजे डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल, उकळत्या अल्कलीत फक्त मोकळ्या क्षपणकारी टोकाशी झटतं आणि स्वतः लालसर-तपकिरी अमिनो संयुगात बदलतं. सुक्रोज त्याला दिसतच नाही.

ग्लुकोजची बाटली आधी वाचा

दोन्ही पद्धतींची मोजपट्टी ग्लुकोजचीच आहे, त्यामुळे तिथली चूक पुढे सगळीकडे जाते. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक बाटलीच्या लेबलवर छापलेली असते: ग्लुकोज निर्जल आहे की मोनोहायड्रेट? निर्जलचा रेणुभार १८०, मोनोहायड्रेटचा १९८. मोनोहायड्रेट निर्जल समजून तोललं तर नळीत प्रत्यक्षात सुमारे ९ टक्के कमी ग्लुकोज जातं आणि तुमचे सगळे नमुने १० टक्के गोड निघतात. ग्राफ मात्र अगदी सरळ येतो, म्हणून शंका कोणालाच येत नाही. एका जुन्या नोकरीत आम्ही असा एक आख्खा महिना घालवला होता. मोनोहायड्रेटच हाताशी असेल तर १०० ऐवजी ११० मिलिग्रॅम घ्या, बाकी काही बदलू नका.

१०० मिलिग्रॅम निर्जल ग्लुकोज १०० मिलि पाण्यात विरघळवा. हे १ मिलिग्रॅम प्रति मिलि द्रावण डीएनएससाठी. त्यातलं १० मिलि घेऊन १०० मिलि केलं की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि होतं, ते फिनॉलसाठी. दोन्हीकडे ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १.० मिलि नळीत घ्यायचं आणि पाण्याने १ मिलि करायचं. एक नळी नुसत्या पाण्याची, तोच ब्लँक. मापं सारखी असली तरी डीएनएसच्या नळीत ०.२ ते १ मिलिग्रॅम ग्लुकोज जातं, तर फिनॉलच्या नळीत २० ते १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे फिनॉल दहापट संवेदनशील आहे, आणि नमुना किती पातळ करायचा हे त्यावर ठरतं. द्रावण त्याच दिवशी वापरा. फ्रिजमध्येही काही दिवसांत त्यात जिवाणू आणि यीस्ट जेवायला बसतात.

गुळाचं द्रावण

ढेप एकसारखी नसते. बाहेरचा थर हवेतलं पाणी ओढून मऊ झालेला असतो, आतला कोरडा आणि रवाळ. सुरीने बाहेरून, मधून आणि आतून काप घ्या, खलात एकत्र कुटा आणि त्यातला ५.०० ग्रॅम तोला. कोमट पाण्यात विरघळवून गार करा आणि ५०० मिलिच्या फ्लास्कमध्ये पाण्याने रेषेपर्यंत भरा. झाला १० मिलिग्रॅम गूळ प्रति मिलि. पाणी फार तापवू नका, कारण गरम आम्लट द्रावणात सुक्रोज फुटू लागतं आणि आपणच रिड्यूसिंग शुगर वाढवून बसतो.

द्रावण गढूळ असेल तर गाळावं लागतं, आणि इथे फिनॉलवाल्याने सावध राहायला हवं. साधा फिल्टर पेपर म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच. पेपर आधी भरपूर पाण्याने धुवा आणि गाळलेल्यातले पहिले १५-२० मिलि टाकून द्या. ग्लास फायबरचा फिल्टर असेल तर हा प्रश्नच मिटतो. कापसाच्या बोळ्याने किंवा टिश्यूने आतून पुसलेल्या नळ्यांचंही तेच. एकदा एका विद्यार्थिनीच्या सहा ब्लँकपैकी दोन ब्लँक चांगले नारिंगी आले. मी आम्लावर संशय घेतला, पाणी बदललं, फिनॉल नवं केलं. शेवटी नळी उजेडात तिरकी धरली तेव्हा तळाशी केसाएवढा पांढरा धागा दिसला. नळ्या स्वच्छ धुऊन तोंड खाली करून वाळवायच्या, पुसायच्या नाहीत, हा नियम त्या दिवसापासून भिंतीवर चिकटवलेला आहे.

डीएनएस: रिड्यूसिंग शुगर

अभिकारक आधी करून ठेवा. १ ग्रॅम डीएनएस सुमारे ५० मिलि पाण्यात घाला, ढवळत ढवळत २० मिलि २ मोलर सोडियम हायड्रॉक्साईड हळूहळू सोडा, म्हणजे गोळा न होता पिवळट-नारिंगी द्रावण होईल. मग ३० ग्रॅम सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट थोडं थोडं करून विरघळवा आणि पाण्याने १०० मिलि करा. तपकिरी बाटलीत घट्ट झाकून ठेवा, कारण अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढते. टार्ट्रेट द्रावणात हवेतला ऑक्सिजन कमी विरघळू देतं. याचं महत्त्व पुढे ग्राफ बघताना कळेल.

प्रत्येक नळीत १ मिलि नमुना किंवा स्टँडर्ड, त्यावर १ मिलि अभिकारक. गुळासाठी ०.५ मिलि द्रावण आणि ०.५ मिलि पाणी घेतो, म्हणजे नळीत ५ मिलिग्रॅम गूळ जातो. नळ्यांच्या तोंडावर काचेची गोटी किंवा फॉईल ठेवून सगळ्या एकदम खळखळत्या पाण्यात ५ मिनिटं, मग थंड पाण्यात. गार झाल्यावर ८ मिलि पाणी घालून ढवळा आणि ५४० नॅनोमीटरवर वाचा.

‘सगळ्या एकदम’ हे शब्द हलके घेऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथलं पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात लहान बीकरमध्ये पंधरा थंड नळ्या सोडल्या की उकळी बसते. रंग तपमानावर अवलंबून असल्यामुळे मुंबईच्या कोणी दिलेला ग्राफचा चढ इथे वापरता येत नाही, आणि कालचा ग्राफ आज वापरणंही जोखमीचंच. स्टँडर्ड आणि नमुने एकाच पाण्यात, एकाच वेळी असतील तर ही सगळी भानगड आपोआप कटते. मोठं पातेलं घ्या.

गूळ स्वतःच तपकिरी आहे, म्हणून त्याचा वेगळा ब्लँक लागतो. तेवढंच गुळाचं द्रावण, डीएनएस न घातलेल्या अल्कली-टार्ट्रेटबरोबर, त्याच घनमापापर्यंत. पण ही नळी उकळायची नाही. उकळत्या अल्कलीत साखरच तपकिरी पडते आणि मग आपण वजाबाकी जास्त करतो.

आता ग्राफ. माझ्या वहीतल्या एका दिवसाची रीडिंग, पाण्याचा ब्लँक शून्य करून: ०.२ मिलिग्रॅमला ०.०८, ०.४ ला ०.२०, ०.६ ला ०.३२, ०.८ ला ०.४४ आणि १.० ला ०.५६. चढ ०.६० येतो, पण रेषा शून्यातून जात नाही, ती उभ्या अक्षाला उणे ०.०४ वर कापते. विद्यार्थी हे बघून घाबरतात आणि संगणकाला सांगतात, रेषा शून्यातून काढ. तेच चुकतं. कमी ग्लुकोज असताना त्यातला काही भाग विरघळलेल्या ऑक्सिजनकडे आणि अल्कलीतल्या विघटनाकडे जातो, डीएनएसपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून सुरुवातीला रंग मागे पडतो आणि मग रेषा सरळ चालते. ०.२ ते १.० एवढ्याच भागावर रेषा बसवा आणि उणा इंटरसेप्ट जसा आहे तसा ठेवा. स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात मिलिग्रॅम, B मध्ये रीडिंग असेल तर:

```
=SLOPE(B2:B6,A2:A6)
=INTERCEPT(B2:B6,A2:A6)
```

गुळाची नळी ०.२९ वाचली, तिचा स्वतःचा ब्लँक ०.०३, म्हणजे खरी ०.२६. त्यात ०.०४ मिळवून ०.६० ने भागलं की ०.५० मिलिग्रॅम. नळीत गूळ ५ मिलिग्रॅम होता, म्हणून रिड्यूसिंग शुगर १० टक्के. हीच रेषा शून्यातून जबरदस्तीने काढली असती तर चढ ०.५४५ आला असता आणि उत्तर ९.५ टक्के. फार वाटत नाही, पण ०.०८ वाचणाऱ्या फिक्या नमुन्यात तीच जबरदस्ती ०.२० च्या जागी ०.१५ मिलिग्रॅम दाखवते. नमुना इतका फिका असेल तर प्रत्येक नळीत, ब्लँकसकट, ०.२ मिलिग्रॅम ग्लुकोज मुद्दाम घाला, म्हणजे सगळे रेषेच्या सरळ भागात येतात.

गुळातलं दुसरं काही रंग वाढवतंय किंवा दाबतंय का, हे बघायला एक जास्तीची नळी पुरते. गुळाच्या नळीत ०.२ मिलिग्रॅम ग्लुकोज जास्त घाला. रीडिंग ०.१२ ने वाढायला हवं, म्हणजे ०.२६ चं ०.३८. ते ०.३२ वरच अडकलं तर ग्राफ बरोबर असूनही नमुना खोटं बोलतोय.

फिनॉल-सल्फ्युरिक: एकूण साखर

ही पद्धत हाताच्या सवयीवर चालते. ५ ग्रॅम फिनॉल पाण्यात विरघळवून १०० मिलि करा. बाटलीतलं फिनॉल घट्ट झालेलं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, ते ४१ अंशांना वितळतं. गुलाबी झालेलं फिनॉल ऑक्सिडाइज झालेलं असतं, ते नको. फिनॉल त्वचेवर पडलं तर आधी दुखत नाही, तो भाग बधिर होतो, आणि म्हणूनच लोक उशिरा धुतात. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड, यातलं एकही सोडू नका.

नमुना खूप पातळ करावा लागतो. गुळाच्या मूळ द्रावणातलं १ मिलि १०० मिलि करा, त्यातलं ५ मिलि १० मिलि करा. झाला ५० मायक्रोग्रॅम गूळ प्रति मिलि. दोन टप्पे केले ते यासाठी, की फार बारीक मापाची एकच उडी मारली तर पिपेटची चूक दोनशे पटीने गुणली जाते.

१ मिलि नमुना, १ मिलि फिनॉल, ढवळा. मग ५ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल. आम्ल नळीच्या भिंतीवरून ओघळवायचं नाही, द्रवाच्या पृष्ठभागावर मधोमध, झटक्यात सोडायचं. आम्ल पाण्यात मिसळताना जी उष्णता निघते तीच या अभिक्रियेचा चुलाणा आहे, वेगळा विस्तव नाही. हळू सोडलं तर उष्णता आधीच निसटते आणि रंग फिका येतो. एका विद्यार्थ्याच्या तीन जोड नळ्या ०.४५, ०.४४ आणि ०.३६ आल्या होत्या. तिसरी नळी भरताना डिस्पेन्सरमध्ये हवा अडकली होती आणि त्याने आम्ल दोन हप्त्यांत घातलं होतं. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या तीन नळ्या, सगळ्या एकाच हाताने, एकाच वेगाने. तोंडाने ओढायची पिपेट तर विसराच, आणि मायक्रोपिपेटही नको, आम्ल आत शिरलं तर तिचं पिस्टन खातं. काचेचा डिस्पेन्सर उत्तम.

१० मिनिटं तशीच ठेवा, मग काळजीपूर्वक ढवळा, २५-३० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं. रंग काही तास टिकतो. ४९० नॅनोमीटरवर वाचा. पेंटोज साखरांचं शिखर ४८० वर असतं, पण गुळाला त्याची गरज नाही. क्युवेट काचेची घ्या. द्रव पूर्ण गार झालेला नसेल तर रीडिंग स्थिर राहत नाही. आत घट्ट द्रवाच्या लहरी दिसत असतील तर ढवळणं अपुरं आहे. रंग फार गडद आला तर नळीत पाणी ओतून पातळ करू नका: ते धोक्याचंही आहे, आणि आम्लाची तीव्रता बदलल्याने रंगही बदलतो. नमुना पातळ करून पुन्हा करा.

माझा ग्राफ: २० मायक्रोग्रॅमला ०.२१, ४० ला ०.४०, ६० ला ०.६१, ८० ला ०.८०, १०० ला १.०१. इथे शून्याचा बिंदूही धरता येतो. चढ ०.०१००४, इंटरसेप्ट ०.००३. गुळाची सरासरी ०.४५ आली. एवढ्या पातळ द्रावणात गुळाचा मूळ रंग नगण्य असतो, तरी एकदा फिनॉलऐवजी पाणी घालून खात्री केली. ०.४५ मधून ०.००३ वजा करून भागलं तर ४४.५ मायक्रोग्रॅम. नळीत गूळ ५० मायक्रोग्रॅम होता. म्हणजे ८९ टक्के.

८९ हा आकडा कशाचा?

इथे बहुतेक अहवाल चुकतात. ८९ टक्के हे ‘ग्लुकोजच्या मापात’ आहे. सुक्रोज तुटताना प्रत्येक बंधाला पाण्याचा एक रेणू जोडला जातो: ३४२ ग्रॅम सुक्रोजमधून ३६० ग्रॅम ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळतं. त्यामुळे शुद्ध पांढरी साखर या पद्धतीत १०५ टक्के दाखवेल, आणि ते बरोबरच असेल. गुळाच्या ८९ मधून मोकळी साखर १० वजा केली की ७९ उरतात. हे सुक्रोजमधून आलेले. त्यांना ०.९५ ने गुणलं की सुक्रोज ७५ टक्के, आणि खरी एकूण साखर ७५ अधिक १० म्हणजे ८५ टक्के. उरलेल्या १५ मध्ये पाणी, क्षार आणि थोडंफार इतर. गूळ वाळवून पाण्याचं प्रमाण काढलं आणि सगळ्यांची बेरीज शंभराच्या वर गेली, तर कुठेतरी आम्ल, पिपेट किंवा कागद आडवा आला आहे.

वजाबाकीचा एक तोटा सांगायलाच हवा. फिनॉलच्या आकड्यात ३ टक्क्यांची चूक धरली, जी अनुभवी हातालाही होते, तर ८९ चं ८६ ते ९२ होतं आणि सुक्रोज ७२ ते ७८ मध्ये कुठेही. म्हणून ७५.०५ असं दशांशात लिहून खोटा नेमकेपणा दाखवू नका.

दुसरं, फिनॉलला सगळ्या साखरांचा रंग सारखा येत नाही, आणि सुक्रोज फुटल्यावर गुळातल्या साखरेचा साधारण निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. म्हणून ग्लुकोजच्या रांगेशेजारी सुक्रोजची एक नळी लावा, ४७.५ मायक्रोग्रॅमची. रंग सारखाच येत असता तर ती ५० मायक्रोग्रॅम ग्लुकोजइतकीच, म्हणजे ०.५० च्या जवळ वाचली असती. वाचली नाही तर पूर्ण ग्राफच सुक्रोजचा काढा आणि गूळ त्याच्याशी ताडा. हाच पडताळा वेगळ्या वाटेनेही होतो: गुळाचं द्रावण सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून सुक्रोज फोडा, सोडियम कार्बोनेट घालून फेस थांबेपर्यंत उदासीन करा, आणि डीएनएस लावा. आम्ल राहिलं तर ते डीएनएसमधली अल्कली खाईल आणि रंगच येणार नाही. या वाटेने आलेली एकूण रिड्यूसिंग शुगर ८९ च्या आसपास असेल, तर दोन्ही पद्धती एकमेकींच्या साक्षीदार झाल्या.

साखर कारखान्याच्या कागदाशी तुमचे आकडे जुळले नाहीत तर लगेच कोणाला चूक ठरवू नका. तिथे सुक्रोज पोलॅरिमीटरने ‘पोल’ म्हणून मोजतात, आणि रिड्यूसिंग शुगर फेलिंगच्या द्रावणावर टायट्रेशन करून. गुळात प्रकाश फिरवणारं दुसरंही बरंच असतं. तुलना करायची तर एकाच ढेपेचा कुटलेला चुरा दोन्हीकडे पाठवावा लागतो.

फिनॉल-आम्लाच्या नळ्या सिंकमध्ये ओतायच्या नाहीत. सगळ्या एका जाड काचेच्या बाटलीत, फिनॉलच्या कचऱ्याचं लेबल लावून. बाटलीचं झाकण पहिल्या रात्री पूर्ण आवळू नका.